आभाराच्या निरोपात रेटकार्ड नको

‘नमस्कार. नंदुरबारला आमचं मिरची पुडीचं छोटं काम आहे. खुडणं, वाळवणं, कांडप सगळं आमच्याच आवारात होतं. नाशिकच्या एका केटरर साहेबांनी आधी १० किलो पूड नेली होती. रश्श्याला रंग चांगला येतो असं ते फोनवर म्हणाले, पण पाच किलोची पिशवी उघडी राहिली की पूड ओल धरते, असंही त्यांनी सांगितलं. आता आखाजीच्या लग्नांसाठी त्यांनी परत २५ किलो मागवली आहे. यावेळी मी एकेक किलोची पाकिटं करते आहे. ऑर्डर आली तेव्हा आनंदाच्या भरात मी लगेच व्हॉट्सअॅपवर लिहिलं, “थँक्यू सर. आमच्याकडे काळा मसाला, गरम मसाला, हळद पण आहे. ५० किलोच्या वर सूट देऊ. अशीच सेवेची संधी द्या.” सोबत रेटकार्ड टाकलं. उत्तर आलं, “बरं, बघतो.” एरवी ते मोकळं बोलतात. माल परवा निघेल. त्यांना आपुलकीनं धन्यवाद द्यायचे आहेत, पण परत काही विकायला आले असं वाटायला नको. काय लिहू, कधी लिहू? आणि मसाल्याचं कधी विचारायचंच नाही का?’
– एक वाचक, नंदुरबार

ताई, सगळ्यात आधी एक सांगते. साहेबांना खुलाशाचा मेसेज पाठवू नका. ‘रेटकार्ड घाईत गेलं, गैरसमज नको’ असं लिहिलंत, तर विसरलेलं रेटकार्ड त्यांना पुन्हा आठवेल आणि तुमची समजूत काढायचं काम त्यांच्यावर पडेल. एक यादी आली म्हणून कुणी गिऱ्हाईक तुटत नाही. ‘बघतो’ म्हणजे या विषयावर आत्ता बोलायचं नाही, एवढंच. माल वेळेवर आणि नीट पोचू द्या. आभाराची खरी वेळ त्यानंतर येते.

ही दुसरी ऑर्डर आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिली ऑर्डर माणूस अंदाजानं देतो. कुणीतरी नाव सुचवलेलं असतं, भाव जमलेला असतो, आणि १० किलो पूड मनासारखी निघाली नाही तरी केटररचं फार बिघडत नाही. मधल्या काळात मात्र त्यांच्या आचाऱ्यानं तुमची पूड फोडणीत टाकली, रश्श्यावर तर्री आली, पंगत जेवून उठली आणि कुणी नाव ठेवलं नाही. मग ऐन लग्नसराईत, एक भाजी बिघडली तर पुढची दोन लग्नं हातची जातील अशा दिवसांत, त्यांनी अडीचपट माल तुमच्याकडूनच घ्यायचं ठरवलं. आभार या ठरवण्याचे मानायचे आहेत. तुमच्या मेसेजमध्ये ‘थँक्यू सर’ सोडलं तर त्यांनी जे केलं त्याबद्दल काही नव्हतं. त्यांनी पुढे काय करावं, याबद्दल मात्र तीन वाक्यं होती.

यावरून एक सोपी तपासणी निघते. मी जळगावच्या एका डाळ मिलमध्ये बरीच वर्षं गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार सांभाळला, तेव्हापासून ती वापरते. मजकूर लिहून झाला की त्यातली क्रियापदं बघायची. गिऱ्हाइकानं केलेलं काम भूतकाळात असेल, ‘ठेवलात’, ‘सांगितलंत’, ‘मागवलीत’, तर ते आभाराचं वाक्य. आपण स्वतः काय केलं किंवा करणार आहोत, ते चालतं. पण गिऱ्हाइकाला उद्देशून ‘द्या’, ‘घ्या’, ‘मागवा’, ‘सुचवा’, ‘कळवा’ आलं की तिथे विक्री शिरलीच, मग वाक्य कितीही गोड असो. ‘अशीच सेवेची संधी द्या’ हे वाक्य आपण इतक्या ठिकाणी वाचलेलं असतं की ते आभाराचंच वाटतं. नीट पाहिलं तर ती पुढच्या ऑर्डरची मागणी आहे.

या तपासणीला एक अपवाद ठेवा. ‘दळणात काही कमीजास्त वाटलं तर हक्कानं सांगा’ या वाक्यात तुम्ही त्यांच्याकडे पैसे मागत नाही, तक्रार मागता. केटररनं तक्रार वेळेत केली तर त्यात तुमचाही फायदा असतो, आणि मागच्या वेळी त्यांनी केलीच होती. ओल धरण्याची गोष्ट त्यांनी सांगितली नसती, तर तुम्ही यंदाही पाच किलोच्या पिशव्याच भरल्या असत्या. मात्र असं वाक्य एकच ठेवा.

रेटकार्ड काढून टाकलं की मजकूर सुधारला, असंही नाही. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि असं काहीतरी लिहितात: ‘साहेब, परत ऑर्डर दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. तुमच्यासारखे मोठे ग्राहक हीच आमची ताकद. ओळखीत कुणाला लागली तर आमचं नाव सुचवा. पुढच्या ऑर्डरवर तुम्हाला खास ५ टक्के सूट.’ यात भाषा मऊ आहे, पण काम तेच आहे. ‘मोठे ग्राहक’ म्हटलं की तुम्ही त्यांना किलोवर मोजता हे त्यांना कळतं. नाव सुचवायला सांगणं म्हणजे त्यांच्यावर काम टाकणं. ज्याला मिरची आवडते तो न सांगताही नाव सांगतो, आणि केटरर तर बहुधा सांगणारच नाही, कारण चांगला माल कुठून येतो हे तो आपल्या धंद्यातल्या माणसांपासून जपून ठेवतो.

सुटीबद्दल जरा थांबून बोलू, कारण ती सगळ्यांना उदारपणाची वाटते. आभारासोबत सूट आली की समोरचा व्यापारी माणूस लगेच दोन हिशेब करतो. एक, म्हणजे आत्ताचा भाव ५ टक्क्यांनी जास्त होता का? दोन, पुढच्या वेळीही ही सूट धरायची का? शिवाय मिरचीचा भाव तुमच्या हातात नाही. बाजार समितीत आवक कमी झाली, अवकाळी पावसानं पथारीवर वाळत घातलेला माल भिजला, की भाव कुठल्या कुठे जातो. दिलेला शब्द मग तुम्हालाच जड होईल. त्यांना खरंच भावात काही सोडायचं असेल, तर याच बिलात गुपचूप सोडा आणि बिलावर तसं लिहा. आभाराच्या मजकुरात आकडा येऊ देऊ नका, किलोचाही नाही आणि रुपयाचाही नाही.

आता काय लिहायचं ते. तुमच्या पत्रातच सगळं सामान आहे. त्यांनी तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या, एक कौतुकाची आणि एक अडचणीची. अडचणीवर तुम्ही पाकिटं बदलून उत्तरही दिलं आहे. याहून चांगला मजकूर कुठून आणणार? मी असं लिहीन:

‘नमस्कार साहेब. माल काल पोचल्याचं ट्रान्सपोर्टवाल्यांनी सांगितलं. ऐन लग्नसराईत तुम्ही परत आमच्या मिरचीवर भरवसा ठेवलात, घरात सगळ्यांना फार बरं वाटलं. पिशवी उघडी राहिली की पूड ओल धरते असं तुम्ही मागे बोलला होतात, म्हणून यंदा छोटी पाकिटं केली आहेत. रश्श्याला रंग चांगला येतो हे तुमचं बोलणं मी मिरच्या खुडणाऱ्या बायांनाही सांगितलं, त्या खूश झाल्या. दळणात काही कमीजास्त वाटलं तर हक्कानं सांगा. मनापासून धन्यवाद.’

खाली तुमचं नाव, फक्त नाव आणि गाव. दुकानाचं बोधचिन्ह, ‘आमची उत्पादने’, फुलांचं चित्र, काही नको.

यातलं पाकिटांचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे, ते कापू नका. ‘तुमचं समाधान हेच आमचं ध्येय’ असं कुणीही कुणालाही लिहू शकतं. हे वाक्य मात्र नाशिकच्या या एकाच माणसाला लिहिता येतं, कारण तक्रार त्यांनीच केली होती. मजकूर कोरा आहे की जिवंत, हे ओळखायचं असेल तर वरचं ‘साहेब’ झाकून बघा. खालचा मजकूर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जसाच्या तसा पाठवता येत असेल, तर तो अजून आभाराचा झालेला नाही. बायांचं वाक्य मात्र खरोखर सांगितलं असेल तरच लिहा. आज अंगणात खुडायला बसलेल्या बायांना सांगून टाका, म्हणजे वाक्य खरं होईल आणि त्यांनाही कळेल की त्यांच्या हातची मिरची नाशिकच्या पंगतीला गेली.

‘साहेब’ की ‘दादा’ हे तुम्ही फोनवर काय म्हणता त्यावर ठरवा. पत्रात ‘साहेब’ आहे, तर ‘साहेब’च ठेवा. फोनवर साहेब आणि मजकुरात एकदम दादा झालं, तर ती जवळीक ठरवून आणल्यासारखी वाटते. आणि ‘आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत’ ही सरकारी भाषा तर अजिबात नको. तुम्ही तसं बोलत नाही, हे त्यांना माहीत आहे.

पूड कशी साठवावी, उजेडात ठेवली तर रंग उडतो, अशी माहिती घालावी का, असा मोह होईल. घरगुती गिऱ्हाइकाला एखादी अशी ओळ जरूर लिहा, तिथे ती कामाची असते. केटररला नको. ज्याच्या भटारखान्यात रोज मिरची वापरली जाते, त्याला मिरची ठेवायला शिकवणं बरं दिसत नाही.

कधी पाठवायचं? ऑर्डर आली त्या क्षणी नाही. तेव्हा फक्त पोच द्यायची असते: ‘२५ किलो, एकेक किलोची पाकिटं, परवा निघेल.’ हा कामाचा निरोप आहे आणि तो कोरडाच बरा. बिल जातं तेव्हाही आभार नकोत. पैसे मागायच्या मेसेजला चिकटलेले धन्यवाद पैशांसाठीच वाटतात, मग तुमच्या मनात काही असो. माल पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्यांच्या लोकांनी एखादं पाकीट फोडलं असेल अशा बेतानं लिहा. वेळ दुपारी चारच्या आसपासची धरा. केटररच्या मागे सकाळी बाजार असतो, दुपारी आणि संध्याकाळी पंगत. आखाजीच्या दिवशी तर चुकूनही नको, त्या दिवशी ते फोनही बघणार नाहीत आणि तुमचा मजकूर शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात जाईल.

मालासोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी घालावी असं पुष्कळ जण सांगतात. घरगुती गिऱ्हाइकासाठी ती फार छान, कारण खोकं तीच व्यक्ती उघडते. तुमच्या बाबतीत खोकं भटारखान्यातला पोऱ्या उघडेल, चिठ्ठीला तेलाचा हात लागेल आणि ती साहेबांपर्यंत जाणारच नाही. म्हणून व्हॉट्सअॅपच बरं, पण त्यांच्या स्वतःच्या नंबरवर, एकट्याला. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये टाकून नाही.

व्हॉट्सअॅपवरून आठवलं. तुम्ही व्हॉट्सअॅप बिझनेस वापरत असाल, तर एक गोष्ट आजच तपासा. त्यात Greeting message नावाची सोय असते. गिऱ्हाइकानं पहिल्यांदा मेसेज केला किंवा १४ दिवस काही बोलणं झालं नाही आणि मग केला, की हा ठरलेला मजकूर आपोआप जातो. तुमचं दुसऱ्यांदा येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक १४ दिवसांनंतरच येतं. म्हणजे ज्यांनी तुमची मिरची खाऊन परत मागवली, त्यांना ‘आमच्याकडे आपले स्वागत आहे, आमची उत्पादने पुढीलप्रमाणे’ असा अनोळखी माणसाचा मजकूर जात असेल, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल. त्याच सेटिंगमध्ये तो कुणाला जावा हे निवडता येतं. तिथे Everyone not in address book निवडा आणि दुसऱ्यांदा मागवणाऱ्या प्रत्येकाचा नंबर नावासकट साठवून ठेवा. आणि तुम्ही तिथे कॅटलॉग भरला असेल, तर तुमच्या नावावर टिचकी मारली की त्यांना तो तसाही दिसतो. ज्याला बघायचा आहे तो बघेल, पाठवायची गरज नाही.

नमुना पाठवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा विचार तोच येणार म्हणून सांगते. २५ किलोसोबत काळ्या मसाल्याची शंभर ग्रॅमची पुडी ‘प्रेमाची भेट’ म्हणून ठेवली, तर ती भेट राहत नाही. ती रेटकार्डावरची वस्तू आहे आणि तिच्यासोबत ‘कसा वाटला?’ हा प्रश्न न लिहिताही जातो. काही द्यायचंच असेल, तर जे तुम्ही विकत नाही ते द्या. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेली थोडी आमचूर, घरी वाळवलेल्या कैऱ्या, एवढं पुरे. आणि मजकुरात त्या भेटीचा उल्लेख करू नका, खोकं उघडल्यावर ती सापडू दे.

राहिला मसाला. विचारायचा, जरूर विचारायचा, तुमचा धंदा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त आभारासोबत नाही, आणि यादीसकट नाही. मला वाटतं ‘बघतो’ येण्याचं मोठं कारण सुटीपेक्षा मसाल्यात आहे. खान्देशी जेवण करणारा आचारी मिरची बाहेरून घेतो, पण काळा मसाला बहुधा स्वतः भाजतो. खोबरं किती काळं करायचं, धणे किती घालायचे, यावर त्याचं नाव चालतं. त्याला तयार मसाला देऊ करणं म्हणजे तुझी भाजी मी करते म्हणण्यासारखं आहे. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या भटारखान्यात काय बनतं हे अजून विचारलेलंच नाही. म्हणून विकण्याआधी माहिती घ्या. लग्नसराई सरली, पैसे आले, ते एखाद्या कामानं स्वतः बोलायला लागले, की सहज विचारा: ‘मसाला तुम्ही घरीच भाजता का साहेब?’ ते हो म्हणाले तर काळा मसाला आणि गरम मसाला दोन्ही विसरा. पण अशा माणसाला चांगले धणे लागतात, हळद लागते. हळद तुमच्याकडे आहे. मग एकच वाक्य: ‘हळद आमच्याकडे असते, लागली तर सांगाल.’ भाव त्यांनी विचारला तर सांगा, नाही विचारला तर तो विषय तिथेच सोडा. पुन्हा काढू नका.

जे ते आधीच घेतात, त्याबद्दलची बातमी मात्र तुम्ही आपणहून द्यावी असं माझं मत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला नंदुरबारच्या बाजारात नवी मिरची यायला लागते, पथारी लाल होतात. तेव्हा त्यांना कळवा की यंदा माल कसा आहे, भाव चढा आहे की उतरता, वाळून पूड व्हायला किती दिवस लागतील. भाव उतरायची शक्यता असेल तर तेही लिहा, ‘घाई करू नका’ असं स्पष्ट लिहा. नाशिकमध्ये बसून त्यांना हे कळत नाही आणि तुम्हाला अंगणातून दिसतं. याला मी विक्री म्हणत नाही, कारण यातून कधी कधी तुमची ऑर्डर महिनाभर पुढे जाईल.

आभाराच्या मजकुराला उत्तर काय येईल, तेही सांगून ठेवते. ‘धन्यवाद ताई, पाकिटं चांगली केलीत’ असं आलं, तर नमस्काराची खूण किंवा ‘बरं वाटलं साहेब’ एवढंच. बोलणं मोकळं झालं, आता हळूच मसाला काढू, असं नेमकं याच क्षणी वाटतं. तिथे हात आवरा, नाहीतर आधीच्या पाचही वाक्यांचा अर्थ मागे जाऊन बदलतो. तक्रार आली, समजा पूड जरा बारीक झाली असं म्हणाले, तर ‘पुढच्या वेळी जाड ठेवते’ लिहा आणि वहीत त्यांच्या नावापुढे टिपून ठेवा, कारण पुढच्या आभारात तेच कामी येईल. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तरच आलं नाही, तर पुन्हा विचारायचं नाही. त्यांनी वाचलंय. लग्नाच्या दिवसांत एवढं पुष्कळ आहे.

आणि तिसऱ्या ऑर्डरला हाच मजकूर फिरवून पाठवू नका. तेव्हा ‘मिळाली ऑर्डर साहेब, जाड दळते आहे, शुक्रवारी निघेल’ एवढी ओळ पुरते, त्यात ‘जाड’ हा शब्द तेवढा नक्की असू द्या.